स्टेशनरीच्या दुकानात अर्धवेळ बिलिंग आणि स्टॉकचं काम: इंदूरच्या नव्या पदवीधरांसाठी पत्र कसं लिहावं

पदवी हातात आहे, नोकरी नाही, दिवसाचे तीन-चार तास मोकळे आहेत आणि घराजवळ स्टेशनरीचं एक चालतं दुकान आहे. अशा वेळी दुकानदाराला पत्र लिहून अर्धवेळ काम मागता येतं. पण बहुतेक जण या पत्रात स्वतःची गुणपत्रिका मांडतात आणि शेवटी ‘कोणतंही काम करायला तयार आहे’ असं लिहितात. ते वाचून दुकानदाराला या मुलाला नेमकं काय सांगायचं ते कळत नाही. म्हणून पत्र लिहिण्याआधी काय पाहायचं, पत्रात काय लिहायचं, काय लिहायचं नाही आणि होकार आला तर पहिल्या आठवड्यात काय करायचं, हे सगळं इथे क्रमाने देत आहे.

दुकान कोणतं निवडायचं

इंदूरमध्ये पुस्तकं आणि स्टेशनरी म्हटलं की राजवाड्याजवळचा खजुरी बाजार आठवतो. तिथल्या जुन्या, मोठ्या पेढ्यांकडे हिशेबाला बहुधा माणूस असतोच. पत्र द्यायचं ते रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा वस्तीतल्या दुकानदाराला. हा माणूस खजुरी बाजारातून किंवा वितरकाकडून माल आणतो, गल्ल्यावर स्वतः बसतो, हाताखाली एखादा मुलगा ठेवतो आणि खरेदीची बिलं रात्री जेवण झाल्यावर काढून बसतो. त्याला पूर्णवेळ माणूस परवडत नाही, पण संध्याकाळचे तीन तास कोणी हात दिला तर हवाच असतो.

दुकानदाराची खरी अडचण

स्टॉकची नोंद ठेवायला कोणी येतो म्हटलं की दुकानदाराच्या मनात पहिली काळजी येते ती खरेदीच्या भावाची. तीच वही तो पन्नासात आणतो की साठात, कोणता वितरक किती सूट देतो, शाळेला घाऊक देताना किती सुटतात, हे तो शेजारच्या दुकानदाराला कळू देत नाही. मग कालपर्यंत गिऱ्हाईक असलेल्या पोराला कशाला कळू देईल? हिशेब येतो, विश्वासू आहे, मेहनती आहे असं कितीही लिहिलं तरी ही काळजी जात नाही.

ती जाते एका साध्या सोयीने. स्टॉकची नोंद फक्त नगांत ठेवता येते. किती आले, किती गेले, किती उरले, एवढंच लिहायचं. त्यात रुपयाचा आकडा कुठेच लागत नाही. खरेदीचं बिल दुकानदार स्वतःकडे ठेवतो आणि तुम्हाला फक्त ‘१७२ पानी, दहा गठ्ठे आले’ असं सांगतो. पत्रात ही गोष्ट स्पष्ट लिहिली की दुकानदार पुढचं वाचतो. मला विचाराल तर सगळ्या पत्रात हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे.

पत्राआधी: एक बिल आणि चार फेऱ्या

गिऱ्हाईक म्हणून जा आणि एक वस्तू घेऊन बिल मागा. त्या बिलावरून दुकानाचा कारभार कळतो. बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल तर दुकान बहुधा नोंदणीकृत नाही. फक्त मालाची विक्री करणाऱ्याला मध्य प्रदेशात साधारणपणे वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नसते. क्रमांक असेल, तो मध्य प्रदेशाचा म्हणून २३ ने सुरू होत असेल, पण कराचा आकडा वेगळा दाखवलेला नसेल आणि गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही अशी ओळ छापलेली असेल, तर दुकान कंपोझिशन योजनेत आहे. ही योजना दीड कोटींपर्यंतच्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांसाठी आहे. त्यात दुकानदार स्वतःच्या विक्रीवर एक टक्का भरतो आणि बिलात कर लावत नाही. सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन आकडे वेगळे दिसले तर दुकान नेहमीच्या पद्धतीत आहे. तिन्ही ठिकाणी बिलिंगचं काम वेगळं असतं. म्हणून ‘मला जीएसटी बिलिंग येतं’ असं सरसकट लिहिण्याआधी हे पाहून ठेवा.

बिल कसं तयार झालं तेही पाहा: चिठ्ठीवर बेरीज करून, छापील बिलबुकात, मोबाईलवरच्या अॅपमध्ये की कंप्युटरवर टॅलीत किंवा तशाच एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये. दुकानात जे चालतं त्याच्याशी जुळणारं काम मागायचं. बिलबुकावर चालणाऱ्या दुकानात पहिल्याच पत्रात ‘सगळं कंप्युटरवर आणून देतो’ असं लिहिलं, तर दुकानदाराला त्यातून नवा खर्च आणि नवा ताप तेवढा दिसेल.

बाकीच्या फेऱ्यांत गर्दीची वेळ पाहून ठेवा. वस्तीतल्या दुकानात शाळा सुटल्यानंतर आणि संध्याकाळी आईवडील घरी आल्यावर गिऱ्हाईक वाढतं. तुम्ही मोकळे असाल ती वेळ आणि दुकानाच्या गर्दीची वेळ जुळली पाहिजे. सकाळी अकरा ते एक तुम्ही मोकळे असाल आणि दुकान तेव्हा रिकामं असेल तर बिलिंग मागू नका, मोजणी मागा. मोजणीला रिकामी वेळच बरी.

नमुन्याचा एक कागद

पत्रासोबत एक कागद जोडावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्सपेक्षा याचा उपयोग जास्त होतो. त्यावर एकाच वस्तूची आठवड्याची नोंद करून दाखवायची. रकाने एवढेच: तारीख, वस्तू, सुरुवातीची शिल्लक, आला, गेला, हिशेबाने शिल्लक, मोजून शिल्लक, फरक.

आकडे काल्पनिक आहेत असं कागदावर लिहा, पण ते दुकानात खरोखर घडतं तसे असू द्या. समजा १७२ पानी एकरेघी वही घेतली. सोमवारी सकाळी मोजल्या तेव्हा ८४ होत्या. बुधवारी दहा गठ्ठे आले, गठ्ठ्यात बारा, म्हणजे १२०. आठवड्यात बिलांवरून आणि काउंटरच्या कागदावरून १३१ गेल्या. चौऱ्याऐंशी अधिक एकशेवीस म्हणजे २०४, त्यातून १३१ वजा केल्या की ७३ उरायला हव्यात. शनिवारी रात्री मोजल्या तर ६२ निघाल्या. फरक ११.

हा अकरा आकडा काहीतरी सांगतो. वह्या एकेक करून हरवल्या असत्या तर फरक दोन, तीन, पाच असा कसाही आला असता. बरोबर अकरा आला की पहिली शंका अशी घ्यायची: कोणीतरी एक पूर्ण गठ्ठा दिला आणि लिहिताना ‘१’ लिहिलं. बारा गेल्या, एक लिहिली, अकराचा फरक. त्या आठवड्याची बिलं चाळायची आणि वहीपुढे संख्या एक, पण रक्कम बारा वह्यांची असं एखादं बिल आहे का ते पाहायचं. हेच उलटंही होतं. दहा पेनांचा एक डबा आला आणि येताना ‘१’ लिहिला, तर मोजल्यावर नऊ पेन जास्त निघतात. फरक पूर्ण बारा आला तर दोन शंका: गठ्ठा लिहायचाच राहिला, किंवा वितरकाकडूनच एक गठ्ठा कमी आला आणि येताना कोणी मोजला नाही.

स्टेशनरीच्या नोंदीत सर्वांत जास्त गोंधळ होतो तो या एककांमुळेच. पेन डब्याने येतो आणि नगाने विकला जातो. पेन्सिली ग्रोसने येतात, म्हणजे १४४. झेरॉक्सचा कागद रीमने येतो, ५०० पानांचा. वह्यांचा गठ्ठा कंपनीप्रमाणे सहाचा असतो किंवा बाराचा. म्हणून नियम एकच ठेवा: काहीही आलं तरी नोंदीत नगच लिहायचे आणि गठ्ठ्यात किती ते वस्तूच्या नावाशेजारी कायमचं लिहून ठेवायचं. पत्रासोबतच्या कागदावर ‘१ गठ्ठा = १२ नग’ एवढं दिसलं की हे मूल पाहून-समजून आलं आहे, हे दुकानदाराला कळतं.

या नोंदीने काय कळत नाही

वस्तीतल्या दुकानात दहा रुपयांच्या पेनाचं बिल होत नाही. कायद्यातही याला जागा आहे. दोनशे रुपयांपेक्षा कमी खरेदी असेल आणि नोंदणी नसलेलं साधं गिऱ्हाईक बिल मागत नसेल, तर नोंदणीकृत दुकानदाराने दिवसाअखेरीस अशा सगळ्या विक्रीचं एकच बिल केलं तरी चालतं. मात्र त्यामुळे ‘गेला’ हा रकाना भरायला बिलं पुरत नाहीत. काउंटरवर एक कागद ठेवून प्रत्येक विक्रीला उभी काटी मारावी लागते, पाचवी आडवी. हा कागद दिवसाअखेरच्या एकत्र बिलालाही कामी येतो.

गर्दीत काट्या मारायच्या राहतात. मग सुरुवातीची शिल्लक अधिक आलेला माल वजा मोजलेला माल, एवढंच हातात उरतं. त्यावरून किती माल दुकानातून गेला ते कळतं. विकला गेला, पाण्याने खराब झाला की कोणी उचलला, ते कळत नाही. म्हणून ‘चोरी पकडून देईन’ किंवा ‘नुकसान थांबवीन’ असलं काहीही पत्रात लिहू नका. हाताखालच्या मुलावर तुम्ही पाळत ठेवायला येत आहात असा त्याचा अर्थ निघतो आणि पहिल्याच दिवशी तो मुलगा तुमच्या विरोधात जातो.

पत्र

पत्र एका पानाचं, हाताने किंवा टाइप करून. अक्षर चांगलं असेल तर हाताने लिहा, कारण दुकानाच्या वहीत तुमचं अक्षर कसं दिसेल तेही दुकानदार त्यात पाहतो. खालचं पत्र रामबागेतल्या एका मराठी दुकानदाराला लिहिलं आहे असं धरा. रिकाम्या जागा आपापल्या भराव्यात.

दिनांक: ………

प्रति,
श्री. ………
……… स्टेशनरी, रामबाग, इंदूर

विषय: संध्याकाळी अर्धवेळ स्टॉक नोंदीचे व बिलिंगचे काम करण्याबाबत

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

मी रामबागेतच राहते. आमचे घर तुमच्या दुकानापासून पायी पाच मिनिटांवर आहे आणि शाळेपासून वह्या-पुस्तकांचे सामान मी तुमच्याकडूनच घेत आले आहे. यंदा मी देवी अहिल्या विश्वविद्यालयातून बी.एस्सी. झाले. सध्या मला नोकरी नाही. सकाळी राज्य सेवा परीक्षेचा अभ्यास करते आणि दुपारी चारनंतर मोकळी असते.

संध्याकाळी गिऱ्हाईक एकदम येते तेव्हा माल काढणे, बिल लिहिणे आणि पैसे घेणे हे सगळे तुम्हालाच पाहावे लागते. त्या वेळी, रोज ५ ते ८, मला काम करण्याची इच्छा आहे.

सुरुवातीला मी सर्वांत जास्त खपणाऱ्या ४० वस्तूंची नोंद ठेवीन. किती नग आले, किती गेले, किती उरले एवढेच त्यात असेल. खरेदीचा भाव, वितरकाचे नाव किंवा बिल मला पाहावे लागणार नाही. नोंदवही दुकानातच राहील. कोणती वस्तू संपत आली आहे त्याची यादी मी दर शनिवारी तुम्हाला देईन. नमुन्याचा एक कागद सोबत जोडला आहे. त्यातील आकडे काल्पनिक आहेत.

पुढे तुम्हाला योग्य वाटल्यास संध्याकाळच्या गर्दीत बिल तयार करण्याचे कामही करीन. पैसे घेणे व गल्ला तुमच्याकडेच राहावा, ही माझीही इच्छा आहे.

मला स्प्रेडशीटवर काम करता येते, हिंदी व इंग्रजी टायपिंग येते. दुकानातील बिलिंगचे सॉफ्टवेअर मी आजवर वापरलेले नाही. तुमच्या पद्धतीप्रमाणे शिकून घेईन. जीएसटीचे रिटर्न भरणे मला येत नाही, त्यामुळे ते काम मी मागत नाही.

आधी सहा दिवस एकाच रॅकचे काम देऊन पाहावे. त्या सहा दिवसांचे मानधन तुम्ही ठरवाल ते मला मान्य असेल. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस मला येता येणार नाही, तारीख जाहीर होताच तुम्हाला सांगेन. काम सोडण्याची वेळ आली तर पंधरा दिवस आधी कळवीन आणि नोंदवही दुसऱ्याला समजावून देऊन जाईन.

माझ्याविषयी विचारायचे असल्यास आमच्या गल्लीतील श्री. ……… मला लहानपणापासून ओळखतात. गुरुवारी दुपारी मी दुकानात येऊन जाईन. तेव्हा पाच मिनिटे बोलता आले तर बरे होईल.

कळावे.

आपली नम्र,
………
मोबाईल: ………

पत्रातल्या काही ओळींविषयी

दुसऱ्या परिच्छेदात दुकानाची उणीव काढलेली नाही, हे लक्षात घ्या. ‘मागच्या महिन्यात दोनदा वही संपलेली होती’ हे खरं असलं तरी लिहायचं नाही. दुकानदाराला ते माहीत असतं, आणि गिऱ्हाइकाने कागदावर लिहून दिलेलं आवडत नाही. गर्दीत एकट्या माणसावर किती कामं येतात एवढं म्हटलं की तो बाकीचं स्वतःच बोलतो.

चाळीस वस्तू हा आकडा मी मुद्दाम छोटा ठेवला आहे. स्टेशनरीच्या छोट्याशा दुकानातही कंपनी, रंग, पानं आणि रेघा धरल्या तर शेकडो वस्तू होतात. वहीच घ्या: एकरेघी, दुरेघी, चाररेघी, चौकटीची, कोरी, आणि त्या प्रत्येकीत दोन-तीन पानसंख्या. सगळ्यांची नोंद करीन असं म्हणून बसलात तर तिसऱ्या दिवशी खोडरबर मोजता मोजता संध्याकाळ जाईल आणि ज्या वह्यांवर दुकान चालतं त्यांची नोंद मागे पडेल. चाळीस वस्तूंत वह्या, पेन, पेन्सिली, कव्हरचे रोल, चार्टपेपर, कंपास आणि झेरॉक्सचा कागद आला की पुष्कळ झालं. ग्लिटर आणि स्टिकर सोडून द्या.

परीक्षेची ओळ गाळू नका. भंवरकुआं भागातले क्लास करणारी किती मुलं इंदूरमध्ये आहेत ते दुकानदाराला ठाऊक असतं. ‘निकाल लागला की हा जाणार’ हे तो धरूनच चालतो. तुम्ही लपवलंत आणि एप्रिलच्या गर्दीत सुटी मागितलीत तर ते त्याला फार लागतं. आधी सांगितलेली सुटी तो सोसतो.

सहा दिवस फुकट काम करायची तयारी मात्र दाखवू नये, असं माझं मत आहे. फुकटच्या माणसाला दुकानदार नीट वेळ देऊन शिकवत नाही आणि सहाचे वीस दिवस कधी झाले ते कळत नाही. रक्कम त्यानेच ठरवावी, पण ती शून्य नसावी.

दुकानदार मराठी नसेल तर पत्र सरळ हिंदीत लिहा. क्रम हाच ठेवा आणि ‘आदरणीय अंकलजी’ किंवा गल्लीत त्यांना जसं म्हणत असतील तसं म्हणा. शुद्ध हिंदीच्या नादी लागू नका. माल, नग, बाकी, बिल हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत.

पत्र कधी द्यायचं

फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चची सुरुवात सगळ्यांत चांगली. शाळांचं नवं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, त्याआधी दुकानदार माल भरायला लागतो आणि मोजणीची गरज त्याला आपोआप जाणवते. उन्हाळ्याच्या सुटीनंतर जूनच्या मध्यापासून पुन्हा गर्दी होते. त्या काळात पत्र दिलंत तर ते बिलांच्या खिळ्याला अडकून राहील. दिवसाची वेळ दुपारची, काउंटरवर कोणी नसताना. पत्र हातात द्या, ‘काका, वेळ मिळाला की वाचा, मी गुरुवारी येते’ एवढं सांगा आणि तिथे उभं न राहता निघा. व्हॉट्सअॅपवर फोटो काढून पाठवलेलं पत्र शाळांच्या याद्यांत आणि वितरकांच्या मेसेजमध्ये हरवतं.

गुरुवारी गेल्यावर पगाराचा विषय निघेल. आकडा मनात धरून जा. समजा त्या भागात पूर्णवेळ माणसाला महिन्याला १३,००० मिळतात, तो दिवसाला दहा तास आणि महिन्यातले २६ दिवस काम करतो. म्हणजे २६० तास, तासाला ५० रुपये. तुमचे रोज तीन तास म्हणजे महिन्याचे ७८ तास, त्याचे ३,९०० होतात. इथून बोलणं सुरू करा. आपल्या गल्लीतला खरा आकडा आधी विचारून घ्या आणि हिशेब त्याच्यावर करा. सीझनमध्ये आठऐवजी दहा वाजेपर्यंत थांबावं लागलं तर त्या जादा तासांचं काय, हे त्याच वेळी विचारा. नंतर विचारताना दोघांनाही अवघड होतं.

पहिले सहा दिवस

पहिल्या दिवशी मोजणी करा, विक्री चालू नसताना. दुकान उघडण्याआधी अर्धा तास किंवा बंद झाल्यावर. विक्री चालू असताना मोजलेला आकडा लिहीपर्यंत बदललेला असतो. बंद गठ्ठे वेगळे, सुटे नग वेगळे असे लिहा आणि मग बेरीज करा: पाच गठ्ठे आणि सात सुटे, म्हणजे ६७. एकच वस्तू काउंटरखाली, रॅकवर आणि माळ्यावर अशी तीन ठिकाणी असते. तिन्ही जागा लिहून घ्या. माळा राहिला तर पुढच्या आठवड्यात ‘जास्त’ निघालेला माल पाहून सगळे गोंधळतील. आणखी एक पाहायचं ते छापील किमतीचं. नव्या मालावर एमआरपी बदललेली असते आणि जुना माल मागे पडलेला असतो. दोन किमतींच्या वह्या एकाच ओळीत लिहू नका, दोन ओळी करा आणि जुना माल पुढे लावायला सांगा.

तीन-चार दिवसांच्या नोंदीवरून संपत आलेल्या मालाची यादी करता येते. एखादी वही रोज सहाच्या आसपास जाते, वितरकाकडून माल यायला तीन दिवस लागतात आणि दोन दिवसांची गाठीला ठेवायची, तर पाच दिवसांच्या तीस वह्या झाल्या. शिल्लक तीसवर आली की ती यादीत लिहायची. एप्रिलमध्ये रोजचा खप बदलतो, तेव्हा हा आकडा पुन्हा काढावा लागतो. मार्चमध्ये काढलेला तीस सत्र सुरू झाल्यावर धरून बसलात तर वही संपेल आणि यादी बिनकामाची ठरेल.

बिलिंग मिळालं तर

बिलिंगला बसवलं की नवख्यांकडून एक चूक हमखास होते. एमआरपीवर वरून कर लावतात. एमआरपीत सगळे कर आलेले असतात, त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. कर आतून काढायचा असतो. ४५ रुपयांच्या दोन वह्या, १५० चा कंपास आणि दहा रुपयांचे पाच पेन, असं २९० चं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि शार्पनर यांवरचा जीएसटी शून्य झाला आणि कंपासचा पाच टक्के. पेनवर अठरा टक्केच आहे. तेव्हा वह्यांच्या नव्वद रुपयांत कर नाही. कंपासच्या १५० ला ५ ने गुणून १०५ ने भागलं की ७.१४ येतात. पेनांच्या ५० ला १८ ने गुणून ११८ ने भागलं की ७.६३. गिऱ्हाइकाने द्यायचे २९०च. हे फक्त नेहमीच्या पद्धतीतल्या दुकानाला लागू आहे. कंपोझिशनच्या दुकानात बिलावर कर दाखवायचाच नाही.

सॉफ्टवेअरमध्ये वस्तूंची यादी सप्टेंबर २०२५ च्या आधी भरलेली असेल तर वहीपुढे अजून बारा टक्के दिसू शकतात. असं दिसलं तर स्वतः बदलू नका. त्या वस्तूंची नावं कागदावर लिहा आणि काकांना द्या. दर बदलायचा की नाही ते त्यांचे कर सल्लागार सांगतील. जुन्या बिलांना हात लावू नका, चुकलेलं बिलही खोडू नका. चूक झाली की तिथल्या तिथे दाखवा.

मोबाईल खिशातच ठेवा. नोंदवहीचा, बिलाचा, रॅकचा फोटो काढायचा नाही, घरी नेऊन ‘नीट उतरवून आणते’ असंही म्हणायचं नाही. स्प्रेडशीट करायचं ठरलं तर ते दुकानाच्या कंप्युटरवर करा.

सहाव्या दिवशी रात्री काकांसमोर पाच वस्तू पुन्हा मोजा, त्यांनी निवडलेल्या. वहीतला आकडा आणि मोजलेला आकडा शेजारी लिहा. जुळले तर ठीक. न जुळले तर फरक तसाच लिहा आणि वर सांगितल्याप्रमाणे गठ्ठ्याचा आहे का, माळ्याचा आहे का, ते शोधा. आकडा जुळवण्यासाठी ‘गेला’मध्ये दोन नग वाढवायचा मोह होईल. तसं केलंत तर पुढच्या मोजणीत तो फरक दुसऱ्या ठिकाणी निघेल आणि मग कारण कधीच सापडणार नाही. सापडलं नाही तर रकान्यात ‘कारण कळले नाही’ असं लिहून तारीख टाका, आणि पुढच्या आठवड्याची सुरुवातीची शिल्लक मोजलेल्या आकड्यापासून धरा.

काकांनी ‘आता नको, दिवाळीनंतर बघू’ असं म्हटलं तर नमुन्याचा कागद त्यांच्याकडेच राहू द्या आणि दिवाळीची सफाई निघते त्या आठवड्यात एकदा विचारा. तेव्हा रॅक रिकामे करून माल पुसला जातो. मोजणी सुरू करायला त्याहून सोयीचा आठवडा वर्षात दुसरा नसतो.